स्ट्रॅप आणि स्ट्रिप : कल लावलेला स्ट्रॅडल आणि ४ जून २०२४ चा हिशेब

मागच्या भागात आपण स्ट्रॅडल घेतला होता. एकाच स्ट्राइकचा एक कॉल, एक पुट, दोन्ही विकत घ्यायचे आणि बाजार कुठेही जावो, फक्त जोरात जावो, अशी अपेक्षा ठेवायची. त्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. "इव्हेंट मोठी आहे हे कळतंय, पण मला वाटतंय वरच जाईल. मग पुटवर तेवढेच पैसे कशाला घालू?" आजचा भाग त्या प्रश्नावर आहे.

त्याचं पुस्तकी उत्तर म्हणजे स्ट्रॅप आणि स्ट्रिप. स्ट्रॅपमध्ये दोन कॉल आणि एक पुट. स्ट्रिपमध्ये एक कॉल आणि दोन पुट. स्ट्राइक तीच, एक्स्पायरी तीच. नावांचा गोंधळ होतो, माझाही व्हायचा. मी असं लक्षात ठेवतो की बॅगेचा स्ट्रॅप धरून बॅग वर उचलतात, म्हणून स्ट्रॅप तेजीकडे झुकलेला. आणि भिंतीचा जुना रंग स्ट्रिप करतात तेव्हा तो खरवडून खाली पडतो, म्हणून स्ट्रिप मंदीकडे. एवढं पुरतं.

बरेच व्हिडिओ इथेच थांबतात. पे-ऑफचा तो व्ही आकार दाखवतात, एक बाजू जास्त उभी, दुसरी तशीच, झालं. पण ह्या गोष्टी विकत घेताना आपण नक्की कशाचे पैसे देतो, हे त्या चित्रातून दिसत नाही. त्यासाठी एक खरी तारीख घेऊ. सगळ्यांच्या लक्षात असलेली.

लोकसभेचा निकाल, ४ जून २०२४. शनिवारी १ जूनच्या संध्याकाळी एक्झिट पोल आले. बहुतेकांनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे जागा दिल्या. सोमवारी ३ जूनला निफ्टी सव्वातीन टक्के वर जाऊन २३,२६३.९० ला बंद झाला. मंगळवारी मतमोजणी. भाजप २४० वर थांबला, एनडीए २९३ वर. निफ्टी दुपारपर्यंत २१,२८१ पर्यंत घसरला आणि २१,८८४.५० ला बंद झाला, म्हणजे एका दिवसात जवळजवळ सहा टक्के खाली. बुधवारी ५ जूनला परत उसळून २२,६२०.३५. आणि गुरुवारी ६ जूनला, त्या वेळच्या साप्ताहिक एक्स्पायरीला, २२,८२१.४०.

हे चार बंद भाव समोर ठेवा. आता आपण सोमवारी बाजार बंद होता होता गुरुवारच्या एक्स्पायरीचे २३,२५० स्ट्राइकचे ऑप्शन घेतोय असं समजू. प्रीमियम मी हिशेबासाठी धरलेले आहेत, कॉल ३५० आणि पुट ३२०. त्या दिवसाच्या ऑप्शन चेनमधले हे आकडे नव्हेत, पण इव्हेंटच्या आदल्या दिवशी, तीन दिवसांच्या एक्स्पायरीला साजेसे आहेत. लॉट तेव्हा २५ चा होता. आता लॉटही बदललाय आणि एक्स्पायरीचा वारही, पण तत्त्व तेच.

मग स्ट्रॅडल पडला ६७० पॉइंटला. स्ट्रॅप पडला दोनदा ३५० अधिक ३२०, म्हणजे १,०२० ला. स्ट्रिप पडली ३५० अधिक दोनदा ३२०, म्हणजे ९९० ला. एका लॉटमागे रुपयांत बघायचं तर स्ट्रॅडल १६,७५०, स्ट्रॅप २५,५००, स्ट्रिप २४,७५०.

इथे एक छोटं विषयांतर करतो. कॉल ३५० ला आणि पुट ३२० ला दिसला की कोणीतरी म्हणतंच, "बघ, कॉल महाग आहे, बाजार तेजीत आहे." तसं नसतं. एकाच स्ट्राइकच्या कॉल आणि पुटमधला फरक म्हणजे त्या एक्स्पायरीचा फॉरवर्ड भाव वजा स्ट्राइक. इथे फरक ३० आहे, म्हणजे बाजार गुरुवारसाठी निफ्टी २३,२८० धरतोय आणि आपली स्ट्राइक त्याच्या ३० पॉइंट खाली आहे. बस. कॉल-पुटच्या ह्या फरकातून कोणाचंही मत कळत नाही. याला पुट-कॉल पॅरिटी म्हणतात, आणि आजचा सगळा विषय खरं तर तिच्यावरच उभा आहे.

कसा ते बघा. कॉलला C म्हणा, पुटला P. कॉल विकत घेतला आणि पुट विकला, म्हणजे C − P, तर ते फ्युचर विकत घेतल्यासारखंच वागतं. आता दोन स्ट्रॅप घ्या. चार कॉल आणि दोन पुट. ते असे मांडता येतात:

```
2 × (2C + P) = 3 × (C + P) + (C − P)
2 × (C + 2P) = 3 × (C + P) − (C − P)
```

शब्दांत सांगायचं तर दोन स्ट्रॅप म्हणजे तीन स्ट्रॅडल अधिक एक फ्युचर विकत घेतलेला. दोन स्ट्रिप म्हणजे तीन स्ट्रॅडल अधिक एक फ्युचर विकलेला. आपल्या आकड्यांवर तपासा. तीन स्ट्रॅडल २,०१०, त्यात ३० मिळवले तर २,०४०, म्हणजे दोनदा १,०२०. वजा केले तर १,९८०, म्हणजे दोनदा ९९०. तंतोतंत जुळतं.

मला हे समीकरण फार उपयोगी वाटतं, कारण इथे एक भ्रम तुटतो. आपल्याला वाटत असतं की स्ट्रॅप घेताना आपण थोडं हालचालीचं आणि बरंचसं दिशेचं विकत घेतोय. प्रत्यक्षात उलटं आहे. एक स्ट्रॅप घेतला की दीड स्ट्रॅडल घेतला आणि सोबत फक्त अर्धा फ्युचर. साध्या स्ट्रॅडलपेक्षा हालचालीवरची पैज दीडपट मोठी झाली. रोजची प्रीमियमची झीज, म्हणजे थीटा, दीडपट. इव्हेंट संपल्यावर आयव्ही खाली आला की बसणारा फटका, तोही दीडपट. आणि ज्या दिशेसाठी आपण हे सगळं केलं, ती मिळाली अर्ध्या फ्युचरएवढी.

याचा परिणाम काय होतो? समजा ४ जूनला उलटा निकाल लागला असता आणि गुरुवारपर्यंत निफ्टी दोन टक्के वर गेला असता. २३,२५० चे दोन टक्के ४६५ पॉइंट, म्हणजे २३,७१५. स्ट्रॅपवाल्याचं मत अगदी बरोबर ठरलं. दोन कॉलचे ९३० आले, खर्च १,०२०, तोटा ९० पॉइंट. दिशा बरोबर, दोन टक्क्यांची हालचाल, आणि तरी तोटा. समीकरणातून बघा, की अर्ध्या फ्युचरने २१७.५ कमावले आणि दीड स्ट्रॅडलने ३०७.५ घालवले. कमाई आणि गळती दोन्ही वेगळ्या दिसतात.

एक्स्पायरीचे ब्रेक-इव्हनही यातूनच कळतात. साधा स्ट्रॅडल २२,५८० च्या खाली किंवा २३,९२० च्या वर गेल्यावर नफ्यात येतो. स्ट्रॅपला वर २३,७६० पुरतं, पण खाली २२,२३० लागतं. स्ट्रिपला खाली २२,७५५ पुरतं, वर २४,२४० लागतं. आवडत्या बाजूचा ब्रेक-इव्हन जवळ आला, पण किती? स्ट्रॅपचा फक्त १६० पॉइंट जवळ, आणि नावडत्या बाजूचा ३५० पॉइंट लांब गेला. हा सौदा घ्यायचा तर दोन गोष्टी एकदम खऱ्या वाटायला हव्यात. एक, बाजाराने जेवढी हालचाल किमतीत धरली आहे, इथे ६७० पॉइंट म्हणजे साधारण २.९ टक्के, त्याहून मोठी हालचाल होणार. दोन, ती एका बाजूला होण्याची शक्यता जास्त. यातली फक्त दुसरी गोष्ट वाटत असेल तर स्ट्रॅप हे चुकीचं हत्यार आहे. त्यासाठी बुल कॉल स्प्रेड बरा, म्हणजे जवळचा कॉल घ्यायचा आणि वरचा विकायचा. विकलेला कॉलही त्याच फुगलेल्या आयव्हीवर विकला जातो, त्यामुळे फुगवट्याचे पैसे बऱ्यापैकी परत येतात.

आता ४ जूनला खरंच काय झालं ते बघू. तिन्ही पोझिशनचा हिशेब करणारे चार ओळींचे पायथॉन इथे ठेवतो, स्वतः आकडे बदलून बघा. c म्हणजे कॉलची संख्या, p म्हणजे पुटची.

```python
def payoff(S, c, p, K=23250, C=350, P=320):
    return c*max(S-K, 0) + p*max(K-S, 0) - (c*C + p*P)

for S in (21884.50, 22620.35, 22821.40):
    print(S, payoff(S,1,1), payoff(S,2,1), payoff(S,1,2))
```

यात फक्त आंतरिक किंमत धरली आहे. एक्स्पायरीच्या आधी ऑप्शनमध्ये थोडी वेळेची किंमत उरलेली असते, त्यामुळे मधल्या दोन दिवसांचे आकडे अंदाजे समजा. गुरुवारचा आकडा नेमका.

मंगळवार, २१,८८४.५०. पुटमध्ये १,३६५.५ पॉइंट आले. स्ट्रॅडल ६९५ पॉइंट नफ्यात. स्ट्रिप १,७४१ पॉइंट नफ्यात, एका लॉटला साधारण ४३,५०० रुपये. आणि गंमत बघा, तेजीकडे झुकलेला स्ट्रॅप, ज्याचं मत साफ चुकलं, तोही ३४५ पॉइंट नफ्यात. म्हणजे त्या दिवशी दीड स्ट्रॅडलने इतकं कमावलं की अर्ध्या फ्युचरचा तोटा पचला. स्ट्रॅपच्या बाजूने बोलणारा हा सगळ्यात चांगला दाखला. सोमवारी सव्वातीन टक्के वर गेलेल्या बाजारात नुसता फ्युचर किंवा नुसते कॉल घेणाऱ्याला मंगळवारी हा एक पुट नव्हता.

बुधवार, २२,६२०.३५. पुटमध्ये ६३० च्या आसपास उरले. स्ट्रिप २६९ नफ्यात, स्ट्रॅडल ४० तोट्यात, स्ट्रॅप ३९० तोट्यात.

गुरुवार, एक्स्पायरी, २२,८२१.४०. स्ट्रॅडल २४१ तोट्यात. स्ट्रॅप ५९१ तोट्यात. आणि स्ट्रिप? पुट ४२८.६, दोनदा धरून ८५७.२, वजा ९९०. तोटा १३२.८ पॉइंट, लॉटला ३,३२० रुपये.

थांबा इथे जरा. निकालाच्या दिवशी निफ्टी सहा टक्के पडला. ज्याने पडण्यावर कल लावून स्ट्रिप घेतली होती, त्याची दिशाही बरोबर, मोठ्या हालचालीचा अंदाजही बरोबर. आणि एक्स्पायरीपर्यंत धरून ठेवली तर शेवटी तोटा. पे-ऑफचं चित्र हे कधीच सांगत नाही, कारण ते चित्र फक्त शेवटच्या क्षणाचं असतं आणि इव्हेंट त्याच्या दोन दिवस आधी होऊन गेलेली असते.

मंगळवारी संध्याकाळी ही पोझिशन नक्की काय होती ते बघा. २३,२५० चा कॉल बाजारापासून १,३६५ पॉइंट लांब, जवळजवळ संपलेला. दोन्ही पुट इतके खोल पैशात की निफ्टी एक पॉइंट हलला तर प्रत्येक पुट जवळजवळ एक पॉइंट हलतो. म्हणजे स्ट्रिप नावापुरती उरली होती. हातात होते दोन शॉर्ट फ्युचरसारखं काहीतरी. सोमवारी विकत घेतलेली पैज "निकालाला मोठी हालचाल, बहुधा खाली" अशी होती. मंगळवारी संध्याकाळी हातात असलेली पैज "उद्याही खाली" अशी झाली, दुप्पट आकाराची. बुधवारी निफ्टी ७३५ पॉइंट उसळला आणि दोन पुटांतून १,४७० पॉइंट गेले. आणि इंडिया व्हीआयएक्स, जो मंगळवारी साधारण २७ ला बंद झाला होता, बुधवारी १९ च्या आसपास आला. इव्हेंट संपली की असंच होतं.

ओळखायचं कसं? ब्रोकरच्या अॅपमध्ये पोझिशनचा एकूण डेल्टा बघा. स्ट्रिप घेताना तो उणे अर्ध्याच्या आसपास असतो. तो उणे दोनकडे गेला, तर समजा की स्ट्रॅडलपण संपलं आणि आता तुम्ही नुसते दुप्पट शॉर्ट आहात.

मग करायचं काय? स्ट्रिपचा एक व्यावहारिक फायदा इथे कामाला येतो, तो म्हणजे तिच्यात दोन पुट आहेत. मंगळवारच्या बंद भावाला त्यातला एक विकला तर १,३६५ येतात. पूर्ण स्ट्रिपचा खर्च ९९०. म्हणजे सगळे पैसे परत, वर ३७५ पॉइंट खिशात, आणि एक पुट फुकट हातात. तो गुरुवारपर्यंत ठेवला तर ४२८ देऊन जातो. एकूण ८०४ पॉइंट, लॉटला सुमारे २०,१०० रुपये. दोन्ही मंगळवारी विकले असते तर ह्याच्या दुप्पट मिळाले असते हे खरं, पण ते बुधवारची उसळी माहीत असल्यावर. अर्धा हात मोकळा करायला भविष्य कळावं लागत नाही, इव्हेंट संपली एवढं कळलं तरी पुरतं. साध्या स्ट्रॅडलमध्ये पुट एकच, तिथे एक लॉट असेल तर हे जमत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. इतक्या खोल पैशातल्या ऑप्शनला अशा दिवशी खरेदीदार कमी असतात, बिड आणि आस्कमध्ये मोठी फट पडते, आणि मार्केट ऑर्डर टाकली तर वीस-तीस पॉइंट सहज जातात. लिमिट ऑर्डर आंतरिक किमतीच्या जवळ लावा. जमत नसेल तर तो पुट तसाच ठेवून त्याच्यासमोर निफ्टी फ्युचर विकत घेऊन नफा बांधता येतो. त्याला मार्जिन लागतं, हे आधी बघून ठेवा.

४ जूनचा दाखला मोठ्या हालचालीचा होता. उलट्या बाजूचाही एक सांगतो, नाहीतर चित्र अर्धं राहील. २३ जुलै २०२४, पूर्ण बजेट. अर्थमंत्र्यांनी लाँग टर्म कॅपिटल गेन्सचा कर साडेबारा टक्के केला, फ्युचर-ऑप्शनवरचा एसटीटी वाढवला. निफ्टी दिवसात ४०० हून जास्त पॉइंट पडला आणि परत येऊन २४,४७९.०५ ला बंद झाला. आदल्या दिवसाच्या तुलनेत फक्त ३० पॉइंट खाली. गुरुवारच्या एक्स्पायरीला २४,४०६.१०. इथे स्ट्रिपवाल्याची दिशा पुन्हा बरोबर होती! पण शंभर पॉइंटच्या घसरणीने दीड स्ट्रॅडलचा खर्च कुठून निघणार? दुपारी घसरण चालू असताना जो बाहेर पडला त्याला काहीतरी मिळालं. बाकीच्यांचं बहुतेक प्रीमियम गेलं, साध्या स्ट्रॅडलवाल्यापेक्षा जास्त.

आता कंपनीच्या निकालांवर हे करणाऱ्यांसाठी. शेअरच्या ऑप्शनना आपल्याकडे साप्ताहिक एक्स्पायरी नाही, मासिकच असते. त्यामुळे निकाल महिन्याच्या सुरुवातीला असेल तर तुम्ही एका दिवसाच्या इव्हेंटसाठी तीन आठवड्यांची वेळ विकत घेता. आणि निफ्टीचे सौदे रोखीत मिटतात, पण शेअरचे प्रत्यक्ष डिलिव्हरीने. स्ट्रिप धरून ठेवली आणि दोन्ही पुट पैशात संपले, तर दोन लॉट शेअर डिलिव्हरी द्यावी लागते. डिमॅटमध्ये ते नसतील तर लिलावाचा भुर्दंड. स्ट्रॅपमध्ये उलट, दोन कॉल पैशात संपले तर दोन लॉट शेअर पूर्ण पैसे भरून उचलावे लागतात, आणि तेव्हा रक्कम हजारांत राहत नाही, लाखांत जाते. एक्स्पायरीच्या आधीच्या चार दिवसांत ब्रोकर पैशातल्या लाँग ऑप्शनवरही डिलिव्हरी मार्जिन मागायला लागतो. तो मेसेज आला की बरेच जण दचकतात, "मी तर ऑप्शन विकतच घेतलेत, मार्जिन कसलं?" म्हणून शेअरचा स्ट्रॅप किंवा स्ट्रिप निकालाच्या दुसऱ्या दिवसापलीकडे मी तरी धरत नाही.

पुढच्या भागात आयव्ही क्रशचा हिशेब करू. इव्हेंटच्या एका दिवसाची हालचाल दोन वेगळ्या एक्स्पायरींच्या प्रीमियममधून वेगळी कशी काढायची, म्हणजे ते ६७० महाग आहेत की स्वस्त, हे घेण्याआधीच बघता येतं. पॅरिटीवर काही अडलं असेल तर खाली लिहा, आकडे टाकून विचारलंत तर मला उत्तर द्यायला सोपं जाईल. भेटू.